दोन मिनिटांचं काम

रोहिणीबरोबर वडवणीच्या आठवडी बाजारात जायला मजा येते. तिला अर्धा जिल्हा ओळखीचा, आणि तिला मात्र कुणीच ओळखत नाही. भाजी निवडता निवडता ती मला हळूच कोपर मारते.

"बायनामावशी, ती हिरव्या लुगड्यातली बाई बगा. नवरी निघाली तवा गाडीचं दार सोडंना गेलती."

"तुझी कोण लागती ती?"

"कुणी न्हाई. तिचं ओघळलेलं काजळ मी पुसलंय."

पुसलंय म्हणजे फोटोतलं. रोहिणी लग्नाचे अल्बम करते. लोकांना वाटतं, ज्यानं फोटो काढला त्यानंच अल्बम केला. तसं नसतं. फोटोग्राफर हजारांनी फोटो काढून मोकळा होतो. त्यातून घरच्यांनी निवडलेले फोटो पानापानावर मांडायचे, मागे रंग भरायचा, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम काढायचा, मांडवात शिरलेलं कुत्रं गायब करायचं, हे सगळं दुसरंच कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून करतं. बीडच्या एका फोटोवाल्यासाठी ते रोहिणी करते, वडवणीत, माझ्या दुकानाच्या अर्ध्या भागात. उरलेल्या अर्ध्यात माझं शिलाई मशीन आहे. ती भाडं देत नाही, विजेचं बिल भरते. मला तेवढं पुरतं आणि दिवसभर बोलायला माणूस मिळतं.

पानाप्रमाणे तिला पैसे ठरलेले. आधी ती पानं बारीक करून, वर आडवं "नमुना" लिहून फोनवर पाठवते. पसंत पडली की मोठ्या आकारात, नमुना काढून पाठवायची. ती पुढे पुण्याला छापायला जातात. छापून आलेल्या अल्बमच्या शेवटी सोनेरी अक्षरात स्टुडिओचं नाव असतं. रोहिणीचं नाव कुठेच नसतं. याचा मला राग येतो. ती म्हणते, "नावाचं काय करायचं मावशी, पैसे आले की झालं." पण पैसे तरी कुठे येतात वेळेवर?

त्या फोटोवाल्याचं नाव अंगद. जिभेवर खडीसाखर. ताई म्हटल्याशिवाय बोलणार नाही. "ताई, तुमच्यासारखं काम अख्ख्या बीडात न्हाई." पहिल्या वर्षी त्यानं अल्बम झाला की आठवड्यात पैसे टाकले. पोरगी हरखली, बाकीच्या फोटोवाल्यांची बारीकसारीक कामं तिनं सोडून दिली. दुसऱ्या वर्षी महिना लागायला लागला. आणि यंदा त्यानं नवीनच काढलं. म्हणाला, "सारखं सारखं सुट्टं कशाला? लग्नसराईचा सगळा हिशोब एकदाच करू."

मी तेव्हाच म्हटलं होतं, की बाई, हे काही खरं नाही. मी कापड कापायच्या आधी निम्मे पैसे घेते. शिवून झाल्यावर गिऱ्हाईक बारीक झालं किंवा जाड झालं, तर तो त्याच्या घरच्या चुलीचा दोष. उसवून पुन्हा शिवायचं तर पुन्हा पैसे. माझ्याशी कुणी हुज्जत घालत नाही, कारण माझ्या हातात कात्री असते. रोहिणीच्या कामाला लोक काम म्हणतच नाहीत. बटणं दाबते म्हणतात.

यंदा मात्र तिला पैशाची घाई होती, आणि ती घाई काय होती ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

रोहिणीचे आईवडील ऊसतोडीला जातात. वत्सलाबाई आणि त्रिंबक. नवराबायको मिळून एक कोयता; टोळीत जोडीलाच कोयता म्हणतात. पावसाळ्यात मुकादम हंगामाची आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणायचं. ती घेतली की माणूस बांधला गेला, मग दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्याला जायचं ते पार चैतातच माघारी यायचं. त्रिंबकनं तोडायचं, वत्सलाबाईनं मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढायची. या उन्हाळ्यात वत्सलाबाई परत आली ती कमरेतून वाकूनच. बीडच्या डॉक्टरनं कमरेचा फोटो काढला आणि सांगितलं, ओझं बंद. आता उचललं तर पुन्हा सरळ उभं राहता यायचं नाही.

रोहिणीनं त्याच दिवशी आईला शब्द दिला. "माय, या साली तू जायचं न्हाई. तुझ्या वाटणीची उचल मी देते. माझे लग्नसराईचे पैसे यायचेत."

ती मोठेपणानं बोलली नव्हती. अंगदकडं तिचे खरंच तेवढे पैसे होते. लग्नसराईभर तिनं मान वर केली नव्हती. त्रिंबकनं मुकादमाला, बंकटला, सांगूनही टाकलं, "औंदा मी एकटाच. अर्धा कोयता धरा." वत्सलाबाई माझ्या दुकानात येऊन बसायची, लेकीच्या पाठीकडं बघत. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण आपण घरी राहणार हे कळत होतं. परसात वाल लावले होते तिनं. एवढी वर्षं ती शेंगा यायच्या आधीच निघून जायची.

सगळे अल्बम संपले, एक सोडून. तो होता भगवानरावांच्या घरचा. भगवानराव म्हणजे कडा भागातले बडे बागायतदार, पुढारी, आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटावर डोळा ठेवून बसलेले. त्यांच्या मुलाचं लग्न अंगदनं घेतलं होतं. जाडजूड अल्बम. अंगद म्हणाला, "ताई, तेवढा फायनल झाला की त्याच दिवशी सगळे पैसे टाकतो."

आणि तिथून तो खेळ सुरू झाला.

आधी नवरीच्या आत्याचा फोटो मोठा करा. केला. तर नवरदेवाची मावशी रुसली, तिचाही मोठा करा. मग आत्याचा मावशीपेक्षा जरासा लहान करा. मग गुलाबी रंग बायकी दिसतो, निळा करा. मग निळा नको. मग कुठल्यातरी पाहुण्याचा फोटो राहिलाच, तो घाला, आणि तो घातल्यावर कळलं की त्यांच्याशी बोलणंच बंद आहे, तर काढा. प्रत्येक वेळी अंगदचा फोन यायचा आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य. "दोन मिनटाचं काम हाय, ताई." दोन मिनिटांच्या त्या कामात पोरीची दुपार जायची, कधी दोन दुपारी. एका पैशाचं नाव नाही. ती एकदा म्हणाली, "भाऊ, ह्या बदलाचे येगळे पैसे व्हतेत." तर तो हसला. हसला! "ताई, घरचंच काम हाय की हे." घरचं काम! याच्या घरी हिला कुणी पाण्याचा पेला तरी दिला होता का?

श्रावण सरला आणि भगवानरावांनी पक्ष बदलला.

आता याचा अल्बमशी काय संबंध, असं कुणी विचारेल तर तो बीड जिल्ह्यातला नाही. लग्नाला त्यांचे आधीचे नेते आबासाहेब आले होते. आशीर्वाद देताना त्यांचा फोटो अल्बमच्या बरोबर मधल्या दुहेरी पानावर होता. अख्ख्या अल्बमात त्याच पानाचा थाट. मधोमध आबासाहेब, एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरदेव, आणि नवरदेवाच्या खांद्यावर आबासाहेबांचा हात. चार बोटांत चार अंगठ्या, एक हिरव्या खड्याची. त्या अंगठ्या जिल्ह्यात पोरासोरांना ठाऊक आहेत, कारण भाषण करताना आबासाहेब तोच हात हलवतात.

अंगदचा फोन आला. "ताई, आबासाहेबाला काढा. सगळ्या पानातून."

"काढा म्हंजी? मधी हायती ते."

"आता भगवानराव तिकडं न्हाईत, तर आबासाहेब इकडं कशाला? माणूसच तर काढायचा. दोन मिनटाचं काम हाय."

फोटोतून माणूस काढला की त्याच्या मागं भोक राहतं. तो उभा होता तिथला मांडव, फुलं, मागच्या खुर्च्या, हे सगळं इकडून तिकडून आणून भरावं लागतं. रोहिणीनं ते भरलं. दोघांमधलं अंतर कमी करून नवरी नवरदेवाच्या शेजारी आणली. मी मशीन थांबवून बघत होते. आबासाहेबांची टोपी गेली, पोट गेलं, उपरणं गेलं. राहिला फक्त हात. कारण हात होता नवरदेवाच्या शेरवानीवर, आणि शेरवानीवर बारीक जरीचं काम. हात काढायचा तर त्याच्याखालची जरी टाक्याटाक्यानं नव्यानं उभी करायला हवी. मला शिवणातलं कळतं, म्हणून सांगते, ते काम सोपं नव्हतं.

नेमका तेव्हाच बंकट दारात आला. तसा माणूस वाईट नाही, पण त्यालाही त्याची टोळी भरायची होती. म्हणाला, "रोहिणी, तुझ्या बापाला म्या अर्धा कोयता धरलाय तुझ्या शब्दावर. उधारीसाठी किराणा दुकानदार त्याच्या दारात बसायलाय. तुझे पैसे येणार असतील तर ठीक, न्हाईतर वत्सलाबाईची उचल देतो, घरात चूल तर पेटंल."

रोहिणीनं हातातलं काम सोडलं आणि अंगदला फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते.

"भाऊ, आता आधी मागचे पैसे टाका. हात ऱ्हायलाय फक्त, पण पैसे आल्याबिगर मी हात लावणार न्हाई."

"असं कावून करताव ताई? आज भगवानराव स्वतः स्टुडिओत यायलेत. टीव्हीवर त्यास्नी पानं दाखवायचीत. हाय तसं पाठवा, मोठ्या साईजमधी, नमुना काढून. टीव्हीवर ते नमुना नमुना घाण दिसतं. दाखवलं की संध्याकाळी पैसे. आईची शपथ."

मी मान हलवून नको नको म्हणत होते. पण दारात बंकट उभा होता, आणि समोरचा आईची शपथ घेत होता, आणि हिच्या डोक्यात तर आईच होती. तिनं पानं पाठवली. खाली लिहिलं, "मधल्या पानावर हात बाकी आहे. छापायला टाकू नका."

संध्याकाळी पैसे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगदनं फोन उचलला नाही. मग त्याचा फोन बंदच लागायला लागला. रोहिणी बीडला जाऊन आली, तर स्टुडिओला कुलूप, शेजारचा म्हणाला, शूटिंगला गेलेत बाहेरगावी. बाहेरगावी! पानं पदरात पडली होती ना, आता ताईची आठवण कशाला येईल?

वत्सलाबाईनं लेकीला एक शब्द विचारला नाही. एक दिवस सकाळी तिनंच बंकटला निरोप धाडला आणि उचल घेतली. रोहिणीला कळलं तेव्हा ती आईवर ओरडली. पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं मी तिला.

"तुला म्हणलं व्हतं ना, थांब म्हणून!"

"थांबले की बाई," वत्सलाबाई म्हणाली. "लई थांबले. दुकानदार थांबंना."

दिवाळी झाली आणि ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, त्यात पत्रे, बांबू, पाण्याचे डबे, कोंबड्या, माणसं. वत्सलाबाईला चढता येईना, तर त्रिंबकनं खालून आणि बायकांनी वरून ओढून घेतलं. ती पिठाच्या डब्याला टेकून बसली, एक हात कमरेवर. रोहिणीनं फोनवर तिचा एक फोटो काढला. मला म्हणाली, "मावशी, लोकांच्या आयांचे हजार फोटो हायत माझ्याकडं. मायचा एक बी न्हाई." परसातल्या वालाला तेव्हा फुलं लागली होती.

मी त्या दिवशी मशीनवर बसले नाही. संताप असा होता की सुई बोटात घातली असती.

पुढं जे झालं ते कडा भागात माहेर असलेली एक गिऱ्हाईक बाई ब्लाउज टाकायला आली तेव्हा तिच्या तोंडून कळलं, आणि सांगताना ती हसून हसून खाली बसली. अंगदनं पानं बघायची तसदीही न घेता अल्बम छापून आणला होता. मखमली पेटीत घालून भगवानरावांकडं पोचवला. नेमके त्याच दिवशी त्यांचे नवे नेते चहाला आले होते. भगवानरावांनी हौसेनं पेटी उघडली, पानं उलटली, मधलं दुहेरी पान आलं. नवरा, नवरी, आणि नवऱ्याच्या खांद्यावर एक हात. मागं माणूस नाही, नुसता हात. चार बोटांत चार अंगठ्या.

नवे नेतेच आधी म्हणाले, "भगवानराव, आबासाहेब अजून हायत म्हणायचं घरात!"

हे सगळं ऐकून मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. रोहिणी हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी अंगद माझ्या दुकानात हजर. गाडी काढून आला होता, केस विस्कटलेले. बगलेत ती मखमली पेटी. "ताई, माझी अब्रू गेली. भगवानराव एक पैसा देईनात. तिकीट गेलं तर तुला बघून घेतो म्हणतेत. तेवढा हात काढून द्या. आत्ता."

रोहिणीनं खुर्ची वळवली नाही. "लिहिलं व्हतं, छापायला टाकू नका म्हणून."

"ऱ्हाऊन गेलं वाचायचं. दोन मिनटाचं..."

"आधी मागचे सगळे पैसे," ती म्हणाली. "मग ह्या पानाचे येगळे. आत्तापर्यंतच्या सगळ्या बदलांचे येगळे. आन् इथून पुढं अल्बमला दोनच बदल फुकट, निम्मे पैसे काम धरायच्या आधी. पटत असंल तर बसा, न्हाईतर बीडात दुसरं कुणी बगा. त्याला पहिल्यापासून सगळं करावं लागंल, बदल करता येणारी उघडी फाईल माझ्याकडंच हाय."

मी मशीन थांबवलं. अंगदनं माझ्याकडं पाहिलं, मी मध्ये पडून काही बोलेन म्हणून. मी कात्री उचलून टेबलावर ठेवली. तो बसला, फोन काढला, कुणाला तरी उसने मागितले, मग आकडे घातले. रोहिणीचा फोन वाजला. पैसे आले. इतके दिवस जे होत नव्हतं, ते खरंच दोन मिनिटांत झालं.

रोहिणीनं लगेच बंकटला फोन लावला. अंगदसमोरच, आवाज मोठा करून. "काका, पैसे आले. मायची उचल उद्या तुमच्या घरी आणून देते. मायला माघारी पाठवा."

पलीकडून ट्रकचा आवाज येत होता. बंकट म्हणाला, "पोरी, आता पैसे घिऊन मी काय करू? टोळी फडात उतरली. मोळी कोण उचलंल? नवं माणूस कुठून आणू? आता चैतात बग." मग म्हणाला, "तिला हलकी मोळी द्यायला सांगतो." आणि फोन ठेवला.

अंगदला यातलं काय कळलं ते त्यालाच ठाऊक. तो खिशात फोन ठेवत म्हणाला, "झालं ना ताई समाधान? उशीर झाला जरा, पण बुडवले तर न्हाईत ना तुमचे पैसे?"

रोहिणीनं फोनमधला तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि पडदा भरून मोठा केला. ट्रॉली, पत्रे, कोंबड्या. मधोमध पिठाच्या डब्याला टेकलेली वत्सलाबाई, कमरेवर हात. मग ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"बसा भाऊ. ह्यातून माझ्या मायला काढून द्या. दोन मिनटाचं काम हाय."

अंगद खुर्चीला धरून उभा राहिला. बसला नाही. पडद्याकडं बघत राहिला, मग खाली बघायला लागला.

जरा वेळानं रोहिणीनं खुर्ची परत ओढून घेतली, फोटो बंद केला आणि आबासाहेबांची करंगळी पुसायला घेतली.